दोन टक्के, पण कशाचे?

*नमस्कार सर. मी ठाण्यात राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, राहते कळव्याला. आमचा महागाई भत्ता ५३ वरून ५५ टक्के झाला. जुलैला माझा ग्रॉस ८२,३०५ होता, म्हणजे दोन टक्क्यांनी १,६४६ रुपये वाढायला हवे होते. ऑगस्टला ८९,१०९ आले, खूश झाले. सप्टेंबरला बघते तर ८३,१७५! वाढ फक्त ८७० रुपयांची, त्यातही एनपीएस जास्त कापलं. घरभाडं आणि प्रवास भत्ता होता तेवढाच राहिला. मागे एकदा डीएबरोबर एचआरएही वाढला होता, मग या वेळी का नाही? वरच्या मजल्यावरचे काका बेलापूरला केंद्राच्या कार्यालयात आहेत, त्यांचा तर प्रवास भत्तासुद्धा वाढला. बिलात काही चुकलंय का? अर्ज द्यावा का? तिन्ही स्लिपांचे फोटो पाठवते आहे. – एक वाचक, कळवा*

ताई, अर्ज देऊ नका. तिन्ही स्लिपा मी कागद-पेन्सिल घेऊन तपासल्या, बिल रुपयाला रुपया बरोबर आहे. चूक आहे ती '२ टक्के' या शब्दांत. ते दोन टक्के तुमच्या ग्रॉसचे नाहीत, मूळ वेतनाचे आहेत.

तुमच्या जुलैच्या स्लिपवर चार आकडे आहेत. मूळ वेतन ४३,५००. त्याच्या ५३ टक्के महागाई भत्ता २३,०५५. त्याच मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता १३,०५०. आणि वाहतूक भत्ता २,७००. बेरीज ८२,३०५. आता सप्टेंबरची स्लिप शेजारी ठेवा. मूळ वेतन तेच, घरभाडं तेच, वाहतूक तीच, फक्त महागाई भत्ता ४३,५०० च्या ५५ टक्के म्हणजे २३,९२५ झाला. फरक ८७०, आणि ग्रॉस ८३,१७५. पगारातला एकच रकाना हलला, बाकीचे तीन जागचे हलले नाहीत. तुम्ही मात्र चारही रकाने दोन टक्क्यांनी वर गेले असं धरून १,६४६ काढले होते.

ग्रॉसच्या मानाने ही वाढ एक टक्क्याहून जेमतेम जास्त पडते. पेपरात 'महागाई भत्त्यात २ टक्के वाढ' असं छापून येतं तेव्हा खरं तर भत्त्याचा दर ५३ वरून ५५ झालेला असतो. पण लोकलमध्ये ती बातमी वाचणारा प्रत्येक जण तो आकडा स्वतःच्या पूर्ण पगाराला लावतो. मी लेखा शाखेत होतो तेव्हा जीआर आल्याच्या दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न घेऊन टेबलाशी रांग लागायची, आणि त्या रांगेत लेखा शाखेचेही दोघे-तिघे असायचेच.

हा भत्ता मूळ वेतनावरच का, त्यालाही कारण आहे. सातव्या वेतन आयोगाचं मूळ वेतन १ जानेवारी २०१६ च्या किमती धरून ठरलं. त्या दिवशी महागाई भत्ता शून्य होता. त्यानंतर किमती किती चढल्या एवढंच हा भत्ता मोजतो. त्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतात, बारा महिन्यांची सरासरी काढतात आणि ती २६१.४२ या पायाशी ताडून बघतात. निर्देशांकाची नवी मालिका २०१६ च्या पायावर असल्यामुळे तिचा आकडा आधी २.८८ ने गुणून जुन्या मालिकेत आणावा लागतो. एकदा ही गुणाकाराची पायरी ओलांडली की पुढचं गणित शाळेतलं आहे:

```
महागाई भत्ता % = (१२ महिन्यांची सरासरी − २६१.४२) ÷ २६१.४२ × १००
```

उत्तरात अपूर्णांक आला तर तो सोडून देतात. ५५ टक्क्यांसाठी सरासरी ४०५.२० च्या पुढे जावी लागते आणि ५६ साठी ४०७.८२ गाठावी लागते. २०२४ च्या बारा महिन्यांची सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये पडली, म्हणून जानेवारी २०२५ पासून ५५. सरासरी अगदी ४०७.८१ असती तरी ५५ च मिळाले असते.

आता यातली गंमत बघा. मूळ वेतन १०० धरा, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५३ वरून १५५ वर गेले. म्हणजे या मोजणीप्रमाणे सहा महिन्यांत किमती वाढल्या १.३ टक्के, दोन टक्के नव्हेत. तुमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून आधी ६६,५५५ होते, आता ६७,४२५ आहेत. ही वाढही बरोबर १.३ टक्के आहे. म्हणजे पगाराच्या या भागापुरता भत्त्याने आपलं काम चोख केलं. ग्रॉसवर ती वाढ १.०६ टक्क्यांवर येते, कारण घरभाडं आणि वाहतूक या दोन रकमा महागाईशी बांधलेल्याच नाहीत. जांभळी नाक्यावरच्या भाजीचा भाव दोन टक्क्यांत कुठे बसतो, असं तुम्ही म्हणाल. तो बसणार नाहीच. निर्देशांक देशातल्या ८८ केंद्रांचा मिळून काढतात, एकट्या ठाण्याचा नव्हे.

घरभाडे भत्त्याचं तुम्हाला आठवतं ते खरं आहे. तो एरवी महागाई भत्त्याबरोबर हलत नाही, पण त्याच्या वाटेत दोन पायऱ्या होत्या. ठाणे, कळवा, नवी मुंबई हे सगळं बृहन्मुंबईच्या नागरी समूहात, म्हणजे 'एक्स' वर्गात येतं. या वर्गाला सातव्या आयोगात सुरुवातीला मूळ वेतनाच्या २४ टक्के घरभाडं होतं. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ते २७ झालं, आणि ५० ची हद्द ओलांडल्यावर ३०. तुम्ही म्हणता ती वाढ या दुसऱ्या पायरीची होती. त्या महिन्यात डीए आणि एचआरए दोन्ही वाढलेले दिसले, आणि दोन्ही नेहमीच जोडीने वाढतात असा समज सगळ्या कार्यालयभर पसरला. आता वर तिसरी पायरी नाही. भत्ता ५५ होवो, ५८ होवो की ६० च्या पुढे जावो, तुमचं घरभाडं मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवरच राहणार. ते वाढेल फक्त मूळ वेतन वाढेल तेव्हा.

तुमच्या पत्रात नसलेली, पण या विषयाबरोबर हटकून येणारी एक अफवा इथेच निकालात काढतो. 'पन्नासच्या वर गेला की महागाई भत्ता मूळ वेतनात मिळवतात.' २००४ साली केंद्राने पाचव्या आयोगाच्या वेळी ५० टक्के भत्ता 'महागाई वेतन' म्हणून मूळ वेतनाला जोडला होता, त्या काळच्या लोकांच्या तोंडून ही गोष्ट अजून फिरते. सातव्या आयोगात आपोआप तसं होण्याची तरतूद नाही. असती तर तुमचं घरभाडंही दीडपट मूळ वेतनावर निघालं असतं, आणि हे पत्र तुम्ही मला लिहिलं नसतं.

आता बेलापूरचे काका. त्यांचंही बरोबर आहे आणि तुमचंही. केंद्राच्या नियमात वाहतूक भत्ता 'अधिक त्यावरील महागाई भत्ता' असा मिळतो. त्यांच्या स्तराला आपल्या भागात ३,६०० रुपये असतील, तर दर दोन टक्के वाढला की त्या रकमेवर ७२ रुपये आपोआप चढतात. राज्याने वाहतूक भत्ता ठोक ठेवला आहे. तुमच्या एस-८ स्तराला इथे २,७००, त्यावर महागाई भत्ता लागत नाही. म्हणून तुमची स्लिप त्यांच्या स्लिपशी रकान्याला रकाना लावून ताडू नका. तारखाही वेगळ्या पडतात. केंद्राने ५५ टक्क्यांचा आदेश एप्रिल २०२५ मध्ये काढला, आपला शासन निर्णय ऑगस्टमध्ये आला. लागू दोघांनाही १ जानेवारीपासूनच. तुम्हाला पैसे कमी मिळाले नाहीत, उशिरा मिळाले.

आणि उशिरा मिळाले म्हणूनच ऑगस्टचा फुगवटा आला. त्या महिन्यात नव्या दराचा पगार आणि जानेवारी ते जुलै अशा सात महिन्यांचा फरक एकदम जमा झाला. हा फरक काढताना बहुतेक जण ८७० गुणिले ७ करतात, ६,०९० येतात, आणि स्लिपवर ५,९३४ दिसले की १५६ रुपये कुठे गेले म्हणून विचारत येतात. तुमची वेतनवाढ १ जुलैची. जूनपर्यंत मूळ वेतन ४२,२०० होतं, त्यामुळे जानेवारी ते जून या सहा महिन्यांचा फरक दरमहा ८४४ असे ५,०६४ झाले. जुलैचा ४३,५०० वर ८७०. दोन्ही मिळून ५,९३४. ते सप्टेंबरच्या ८३,१७५ मध्ये मिळवा, ऑगस्टचे ८९,१०९ येतात. म्हणजे सप्टेंबरला तुमचा पगार घटला नाही, थकबाकी संपली.

चूक होते ती बहुधा याच ठिकाणी, म्हणून इथे जरा थांबतो. माझ्या नोकरीतली गोष्ट. एका वर्षी आमच्या कार्यालयात वार्षिक वेतनवाढीच्या नोंदी उशिरा भरल्या गेल्या, आणि त्याआधीच महागाई भत्त्याच्या फरकाचं बिल निघालं. सगळ्यांचा जुलैचा फरक जुन्या मूळ वेतनावर निघाला. माणशी पंचवीस-तीस रुपयांचा प्रश्न, कोणाच्या लक्षात येणार? आलं ते आमच्या एका शिपायाच्या. कॅलेंडरच्या मागच्या पानावर महिन्यांची नावं एकाखाली एक लिहून त्याने प्रत्येकापुढे मूळ वेतन आणि त्याचे टक्के मांडले होते, आणि जुलैच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ. त्या कागदावर मला एकही चूक सापडली नाही. पुढच्या बिलात सगळ्यांचा फरक दुरुस्त करून दिला.

तुम्हीही तसंच करा. थकबाकीची एकूण रक्कम बघून काही कळत नाही, महिन्यागणिक मांडल्यावर कळतं. त्या महिन्यात प्रत्यक्ष मिळालेलं मूळ वेतन लिहायचं आणि वाढीव टक्क्याने गुणायचं, एवढंच. 'प्रत्यक्ष मिळालेलं' हे महत्त्वाचं, कारण एखाद्या महिन्यात अर्धपगारी रजा असेल तर त्या दिवसांचा फरक अर्ध्या वेतनावरच निघतो, आणि बिनपगारी रजेच्या दिवसांचा निघतच नाही. फरकाच्या रकमेत घरभाडं शोधू नका, ते वाढलंच नाही तर त्याची थकबाकी कुठून येणार? असा तक्ता मांडूनही रक्कम कमी भरली, तर मग मात्र आहरण व संवितरण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. तक्ता सोबत जोडा. 'माझी थकबाकी कमी आली आहे, कृपया तपासावी' एवढ्याच वाक्याचे अर्ज फाइलीत पडून राहतात. 'जुलैचा फरक ४२,२०० वर काढला आहे, तो ४३,५०० वर हवा' असं लिहिलेला अर्ज बघायला बिल करणाऱ्याला दोन मिनिटं लागतात.

वेतनवाढीचा विषय निघालाच आहे तर जूनची स्लिपही काढून बघा. मूळ वेतन ४२,२०० असताना तुमचा ग्रॉस ७९,९२६ होता, जुलैला ८२,३०५ झाला. मूळ वेतनात १,३०० ची भर पडली, पण ग्रॉस २,३७९ ने वाढला. कारण त्या १,३०० वर ५३ टक्के महागाई भत्ता ६८९ रुपये आणि ३० टक्के घरभाडं ३९० रुपये आपोआप आले. मूळ वेतन हललं की त्याच्यावर उभे असलेले रकानेही हलतात, महागाई भत्ता हलला तर तो एकटाच हलतो. जुलैची ही उडी डोळ्यांपुढे ताजी होती म्हणूनही तुम्हाला ८७० फार तोकडे वाटले असावेत.

एनपीएसचं मात्र तुम्ही बरोबर हेरलंत. तुमचा वाटा मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के कापतात. बेरीज ८७० ने वाढली, कपात ८७ ने. हातात आले ७८३. ऑगस्टच्या थकबाकीतूनही याच हिशोबाने ५९३ च्या आसपास गेले असतील. ही रक्कम तुमच्याच खात्यात जाते, आणि शासन आपला १४ टक्के वाटा त्याच बेरजेवर भरतं, म्हणजे दरमहा आणखी १२२ रुपयांच्या आसपास. तुमच्या स्लिपच्या ८३,१७५ मध्ये ते धरलेले नाहीत. तुमच्या शेजारच्या टेबलावर नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेलं आणि जीपीएफवर असलेलं कोणी असेल, तर त्यांच्या स्लिपवर ही कपात दिसणार नाही, त्यांचे ८७० पूर्ण हातात येतील. आयकराची काळजी या वर्षी करू नका. वर्षाचा ग्रॉस दहा लाखांच्या घरात जातो आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर २०२५-२६ ला पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही.

आता पुढचं, कारण काका ते पुन्हा सांगायला येणारच. केंद्राने १ जुलै २०२५ पासून महागाई भत्ता ५८ टक्के केला आहे. राज्याचा ५८ चा शासन निर्णय निघाला की तुमचा हिशोब असा असेल: ४३,५०० च्या तीन टक्के म्हणजे दरमहा १,३०५, महागाई भत्ता २५,२३० आणि ग्रॉस ८४,४८०. घरभाडं १३,०५० आणि वाहतूक २,७०० तशीच. जुलैपासून पगार ५५ टक्क्यांनी निघालेले जितके महिने, तितके १,३०५ थकबाकी म्हणून येतील. या वेळी गुणाकार सरळ आहे, कारण मधे वेतनवाढ नाही. पण निर्णय पुढच्या जुलैच्या पलीकडे गेला तर पुन्हा दोन मूळ वेतनं धरावी लागतील.

त्या थकबाकीत जुलै २०२५ पुन्हा दिसेल, तेव्हा दचकू नका. ऑगस्टच्या बिलात जुलैचा फरक ५३ ते ५५ चा होता, ८७० रुपये. नव्या बिलात त्याच जुलैचा ५५ ते ५८ चा येईल, १,३०५ रुपये. दोन्ही तुमचेच आहेत. बिल करणारा 'जुलै आधीच दिला आहे' म्हणून तो महिना गाळून ऑगस्टपासून फरक काढू लागला, तर तो कॅलेंडरच्या मागचा कागद घेऊन त्याच्या टेबलाशी जा.